अर्ध्या शटरचा अर्थ: सीमाभागातल्या माणसांबद्दल लिहायचं, पण माणूस उघडा पडू द्यायचा नाही

नोव्हेंबर जवळ आला की बेळगावात कॅमेरेही वाढतात आणि वह्याही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून ही एकच तारीख इथं दोन प्रकारे पाळली जाते. एकीकडं राज्योत्सवाची लाल-पिवळ्या झेंड्यांची मिरवणूक असते, दुसरीकडं महाराष्ट्र एकीकरण समितीची काळ्या दिवसाची मूक सायकल फेरी. दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेली ओळ येते: 'बंदला संमिश्र प्रतिसाद'.

वार्ताहराला तेवढी ओळ पुरते. पण दरवर्षी समाजशास्त्राची, मानवशास्त्राची काही मुलं-मुली प्रबंधासाठी इथल्या गावांत येऊन राहतात, त्यांना ती पुरत नाही. लोकांमध्ये दीर्घकाळ राहून, त्यांचं रोजचं जगणं पाहून लिहायच्या या पद्धतीला एथ्नोग्राफी म्हणतात. 'संमिश्र' या शब्दाच्या पोटात काय काय आहे ते उलगडून दाखवणं हे तिचं काम. ते नीट केलं की एक नवीच पंचाईत उभी राहते. वर्णन जितकं भरीव, तितका त्यातला माणूस ओळखू येतो; आणि सीमाभागात ओळखू येणं महागात पडू शकतं.

सघन वर्णन म्हणजे काय?

गिल्बर्ट राईल या ब्रिटिश तत्त्वज्ञानं एक साधं उदाहरण दिलं होतं. दोन मुलांच्या उजव्या डोळ्याची पापणी झटकन मिटते. एकाची आपोआप लवली, दुसऱ्यानं मित्राला खूण म्हणून डोळा मारला. फोटोत दोन्ही सारखेच दिसतील. त्यातून तिसऱ्यानं त्या डोळा मारणाऱ्याची नक्कल केली तर हालचाल पुन्हा तीच, पण अर्थ तिसराच. नुसती हालचाल नोंदवणं हे विरळ वर्णन. ती हालचाल कुणासाठी होती आणि पाहणाऱ्यानं तिचा काय अर्थ घेतला हे सांगणं म्हणजे सघन वर्णन. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९७३ साली ही कल्पना आपल्या शास्त्रात आणली आणि ती तिथं पक्की रुजली.

बरेच विद्यार्थी याचा अर्थ 'भरपूर तपशील' असा घेतात. मग शेणानं सारवलेलं अंगण येतं, चुलीचा धूर येतो, आजीच्या नाकातली नथ येते. वाचायला बरं वाटतं, पण त्यातून कुणाच्याही वागण्याचा उलगडा होत नसेल तर ते वर्णन लांबलचक असूनही विरळच. हा फरक पुढं फार कामाला येणार आहे.

१ नोव्हेंबर, सकाळी नऊ: शटर अर्धं खाली

एक प्रसंग घेऊ. तो मी रचलेला आहे. खऱ्या माणसाचा प्रसंग घेऊन माणूस कसा लपवावा हे शिकवायचं म्हणजे आधी त्यालाच चव्हाट्यावर आणायचं.

बेळगावजवळच्या एका मराठी बहुसंख्य गावात काळ्या दिवशी एका किराणा दुकानाचं शटर कमरेइतकं खाली आहे. विरळ वर्णन इथंच संपतं. शटर अडकलं असेल, मालक जेवायला गेला असेल, किंवा तो बंद पाळत असेल.

गावात राहणारी संशोधक इथून पुढं तीन गोष्टी तपासते. पहिली, शटर असं एरवी कधी असतं? गल्लीत मयत झाली की अंत्ययात्रा पुढं जाईपर्यंत दुकानदार शटर अर्ध्यावर आणतात, हे तिनं आधी पाहिलेलं आहे. म्हणजे अर्ध्या शटरची भाषा गावाला आधीपासून येते: 'दुःखात सामील आहे, पण दुकान मोडलेलं नाही.' दुसरी गोष्ट, ते कोण कोण बघतं? समितीची पोरं मोटरसायकलवरून जातात, त्यांना शटर खाली दिसतं. दुधाची पिशवी न्यायला आलेली पोरगी वाकून आत जाते, तिला दुकान उघडं दिसतं. दुकानदाराचा धाकटा भाऊ कर्नाटक परिवहनच्या बसवर चालक आहे. त्याची बस लाल-पिवळा झेंडा लावून त्याच रस्त्यानं जाते, आणि तेवढ्यापुरता दुकानदार आत वळून पोत्यांशी काहीतरी करत बसतो. तिसरी गोष्ट, शटर पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडं असतं तर काय झालं असतं? शेजारचा म्हातारा हसून सांगतो, "पूर्ण उघडलं तर पोरं इचारत्यात, पूर्ण लावलं तर भावाला इचारत्यात. हे बरं हाय की ओ."

आता 'संमिश्र प्रतिसाद' हे शब्द उलगडले. गाव दोन गटांत विभागलेलं आहे असा त्यांचा अर्थ निघत नाही. एकाच घरात, एकाच शटरमागं दोन्ही बाजू सांभाळल्या जातात, आणि त्यासाठी मयतीच्या रिवाजातली खूण उसनी घेतली जाते. हे कुठल्याही सर्वेक्षणाच्या फॉर्मवर सापडलं नसतं. सर्वेक्षणात दुकानदार 'बंदला पाठिंबा: होय' एवढीच खूण करून मोकळा झाला असता.

आणि नेमकं हेच छापून आलं तर अडचणीत आणणारं आहे. शटरखालून विक्री चालली होती हे समितीच्या पोरांना खटकेल. दुकान अर्धं का होईना खाली होतं हे कन्नड संघटनांना खटकेल. भावाच्या डेपोत कुणीतरी ते वाचून दाखवेल.

नाव बदललं की झालं ना?

हा पहिला प्रश्न सगळेच विचारतात. संशोधकाच्या वहीतली मूळ नोंद साधारण अशी असते: 'मारुतीच्या देवळाला लागून किराणा दुकान. मालक ५२ वर्षांचे, ग्रामपंचायतीचे माजी सदस्य. भाऊ परिवहन मंडळात चालक. मुलगी कन्नड माध्यमात शिकली, शिक्षक भरतीची तयारी करते.' यात नाव नाहीच. तरी माणूस सापडतो का ते बघू.

धान्य चाळताना आपण एकाखाली एक चाळण्या लावतो, तसा प्रत्येक तपशील काम करतो. समजा गावात सातशे घरं आणि अकरा किराणा दुकानं आहेत. 'देवळाला लागून' म्हटलं की दोन उरली. 'माजी सदस्य' म्हटलं की एक. वय, भाऊ, मुलगी या चाळण्या लावायची वेळच आली नाही. एकेक तपशील निरुपद्रवी असतो. ते एकत्र आले की माणूस उरतो. याला अनुमानानं ओळख पटणं म्हणतात आणि नाव बदलून ते अजिबात थांबत नाही.

नावाच्या बदलातही खाचखळगे आहेत. आपल्याकडं आडनावावरून वाचक जात आणि भाषा दोन्ही ठरवून टाकतो. पाटील हे आडनाव सीमाभागात मराठी घरांतही आहे आणि कन्नड बोलणाऱ्या लिंगायत घरांतही. मूळ माणूस असा दोन्हीकडं बसणाऱ्या आडनावाचा असेल आणि तुम्ही त्याला निव्वळ मराठी वाटणारं आडनाव दिलंत, तर त्याच्या जगण्यातला एक महत्त्वाचा पदरच तुम्ही पुसलात.

ओळखतो कोण, बाहेरचा की आतला?

ओळख लपवायची म्हटलं की डोळ्यासमोर पोलीस, पत्रकार, परका वाचक येतो. खरा धोका बहुतेक वेळा आतून असतो. न्यूझीलंडचे मार्टिन टोलिच यांनी २००४ साली यासाठी अंतर्गत गोपनीयता अशी वेगळी कल्पना मांडली. बाहेरच्याला काही कळत नाही, पण घरचे, शेजारी, सोबत काम करणारे एकमेकांना लगेच ओळखतात, आणि आपल्याबद्दल दुसरा काय बोलला तेही त्यांना कळतं.

याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. आर्थर विडिच आणि जोसेफ बेन्समन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावावर १९५८ साली पुस्तक लिहिलं. गावाला 'स्प्रिंगडेल' असं टोपणनाव दिलं, माणसांचीही नावं बदलली. पण गावचा कारभार पडद्याआडून कोण चालवतो हे त्यात सांगितलेलं होतं, आणि तशी माणसं गावात असून असून किती असणार! पुढच्या ४ जुलैच्या मिरवणुकीत गावकऱ्यांनी शेणखत पसरायची गाडी आणली आणि तिच्यावर लेखकाचा पुतळा खतात वाकवून ठेवला. गावाचं खरं नाव आज सहज सापडतं. मी ते इथं लिहीत नाही, एवढंच.

आपल्या प्रसंगात आतल्या माणसांना चाळण्या लावायचीही गरज नाही. 'भाऊ बसवर चालक' एवढं वाचलं की गावाला दुकान कळलं. शेजारच्या म्हाताऱ्याचं वाक्यही सुरक्षित नाही. बोलीवरून भाग कळतो: खानापूरच्या पश्चिमेकडची मराठी कोकणीकडं झुकते, निपाणीकडची कोल्हापूरच्या जवळची वाटते. त्यातून एखाद्याची म्हणायची ठरलेली लकब तशीच छापली तर गाव हसून म्हणणार, हे तर अमक्याचंच बोलणं.

शिवाय संशोधक कुणाच्या घरी उतरली होती हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणजे यजमान घराला टोपणनाव देऊन गावापासून लपवता येत नाही. त्या घरात ऐकलेल्या गोष्टी वेगळ्या बाजूला काढाव्या लागतात आणि त्यातली प्रत्येक गोष्ट 'गाव हे वाचणार आहे' असं धरूनच तोलावी लागते. इंग्रजीत छापलं म्हणजे गावापर्यंत पोचणार नाही ही समजूत तर सोडूनच द्यावी. प्रबंध आता विद्यापीठांच्या ऑनलाइन साठ्यात असतात, आणि त्यातला एक परिच्छेद मराठी करून व्हॉट्सॲपवर फिरवायला गावातलं कॉलेजात जाणारं एक पोरगं पुरतं.

मग काय काढायचं, काय ठेवायचं?

सघन म्हणजे भरपूर नव्हे, हे वर म्हटलं ते इथं उपयोगी पडतं. प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न विचारायचा: हा काढला तर अर्थ ढासळतो का?

मारुतीचं देऊळ काढलं तर काही बिघडत नाही. बावन्न वयाचंही तसंच, 'मध्यमवयीन' पुरतं. माजी सदस्यपण जरा विचारात पाडतं, कारण पंचायतीत राहिलेल्या माणसाला दोन्ही बाजू सांभाळायची सवय असते. पण शटरचा अर्थ त्यावर उभा नाही, म्हणून तेही जातं. मुलीचं कन्नड माध्यम हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. तो शिक्षणाच्या प्रकरणात, या दुकानाशी नातं न दाखवता येऊ शकतो. मात्र वाचकाला तो धागा जुळवता येईल अशी एकही खूण तिथं राहता कामा नये, अगदी तेच टोपणनावसुद्धा.

१ नोव्हेंबर हलवता येत नाही. दुसऱ्या कुठल्याही तारखेला ते शटर मुकं होतं. वर्ष मात्र पुसट करता येतं, पण तेही बघून. २०१४ साली जुलैमध्ये येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक हटवल्यावरून वातावरण तापलं होतं, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगावचं नाव अधिकृतपणे बेळगावी झालं. प्रसंग त्या वर्षीचा असेल तर त्याचा ताण वेगळा. तो 'गेल्या दशकात कधीतरी' असा ढकलला तर तो ताण निघून जातो.

खरी अडचण भावाची. पहिला मोह होतो तो नोकरी बदलायचा: चालकाऐवजी वीज कंपनीतला कारकून करू. दोन्ही सरकारी, दोन्ही पगारदार. पण सीमाप्रश्न पेटला की सगळ्यात आधी अडवल्या जातात त्या बसगाड्या. गाड्यांना काळं फासलं जातं, दोन्ही राज्यांच्या फेऱ्या बंद पडतात. चालक त्या तणावाच्या मधोमध बसलेला असतो. कारकून कचेरीत सुरक्षित असतो. नोकरी बदलली की शटरमागची भीतीच बदलली. अदलाबदल करायची तर त्याच अर्थाच्या गोष्टीशी करावी लागते, आणि इथं चालकासारखं दुसरं काही चटकन सापडत नाही.

मग भाऊ ठेवून गावच सैल करावं लागतं. गावाचं नाव नाही, तालुका नाही, नदी, जत्रा, शेजारचं मोठं गाव यांतलं काही नाही. किराणाऐवजी 'दुकान' एवढंच. म्हाताऱ्याचं वाक्य अवतरणातून काढून लेखिकेच्या शब्दांत. आता परिच्छेद असा होतो:

*'बेळगाव परिसरातल्या एका गावात काळ्या दिवशी काही दुकानांची शटरं अर्धी खाली असतात. गल्लीत मयत झाली की दुकानदार हेच करतात, त्यामुळं ही खूण कुणाला समजावून सांगावी लागत नाही. अशाच एका दुकानदाराच्या घरातला माणूस त्या दिवशी परिवहनची बस चालवत असतो. पूर्ण उघडं शटर गल्लीला जाब द्यायला लावतं, पूर्ण बंद शटर नोकरीतल्या माणसाला. अर्ध्या शटरकडं दोन्ही बाजू आपापल्या परीनं पाहू शकतात.'*

यात 'काही दुकानांची' म्हणायला संशोधकानं तसं खरंच एकाहून अधिक ठिकाणी पाहिलेलं असलं पाहिजे. एकाच दुकानाचं अनेकवचन करणं हे लपवणं नव्हे, ते पुरावा फुगवणं आहे. आणि एकच दुकान असेल, त्यातून दुकानदार नको म्हणत असेल, तर प्रसंग गाळायचा. कितीही सुंदर असला तरी. असा गाळलेला प्रसंग मनाला फार लागतो, पण दुसरा मार्ग नाही.

मजकूर इतका जपून लिहिल्यावर ओळख फुटते ती भलत्याच ठिकाणी. प्रबंधाच्या सुरुवातीला ऋणनिर्देशात 'माझ्या दुकानदार काकांचे आणि काकूंचे' म्हणून खऱ्या नावासकट आभार मानलेले असतात. फोटोत मागं दुकानाची पाटी दिसते. नकाशावर गावाचा ठिपका असतो. संशोधकानं फेसबुकवर त्या महिन्यात टाकलेले जत्रेचे फोटो अजून तिथंच असतात. मार्गदर्शकानं मसुदा वाचताना ही चार ठिकाणं आधी बघावीत असं माझं मत आहे. प्रकरणं नंतर वाचता येतात.

तपशील बदलले, तर ते खोटं नाही का?

हा आक्षेप रास्त आहे. ॲलिस गॉफमन यांनी फिलाडेल्फियातल्या पोलिसांच्या नजरेखाली जगणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांवर २०१४ साली पुस्तक लिहिलं. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले, आणि कोर्टाकडून मागणी येईल या भीतीनं टिपणं नष्ट केली. पुस्तकातल्या विसंगतींवर पुढं टीकाकारांनी बोट ठेवलं, तेव्हा चूक कुठली आणि मुद्दाम केलेला बदल कुठला हे दाखवायला त्यांच्या हाती काही उरलं नव्हतं.

यातून निघणारी वाट अशी की कोणत्या प्रकारचे बदल केलेत ते वाचकाला उघड सांगायचं, कुठला तपशील बदलला ते नाही. 'गावाचं नाव आणि ठिकाण दिलेलं नाही, व्यवसाय काही ठिकाणी व्यापक केले आहेत, पण घटनेची तारीख, कुटुंबातली नाती आणि नोकरीचा प्रकार बदललेला नाही' असं एक वाक्य पद्धतीच्या प्रकरणात आलं की वाचकाला कशावर किती विसंबायचं ते कळतं. खरी नावं आणि टोपणनावं जुळवणारी यादी टिपणांपासून वेगळी, कुलूपबंद किंवा सांकेतिक करून ठेवायची. भारतीय कायद्यात वकील आणि अशील यांच्या बोलण्याला संरक्षण आहे, संशोधक आणि माहिती देणाऱ्याच्या बोलण्याला तसं नाही. म्हणून जी गोष्ट कधीच वापरणार नाही, ती वहीत खऱ्या नावानं लिहूच नये.

आणि लोकच म्हणाले, नाव छापा, तर?

सीमाभागात हे हमखास होतं. आंदोलनात लाठ्या खाल्लेला, तुरुंगात गेलेला माणूस म्हणणार, "माझं नाव का लपवता? मी काय चोरी केली काय ओ?" त्याचं बरोबरच आहे. त्याचं आंदोलन सार्वजनिक आहे, पेपरात नाव आलेलं आहे, आणि ते पुसणं हा त्याचा अपमान होईल. टोपणनावाविरुद्धचा आणखी एक आक्षेप नॅन्सी शेपर-ह्यूज यांच्या अनुभवातून आला. आयर्लंडमधल्या एका खेड्यावर त्यांनी १९७९ साली टोपणनाव देऊन पुस्तक लिहिलं. १९९९ साली त्या परत गेल्या तेव्हा गावानं त्यांना निघून जायला सांगितलं. नाव झाकलं आहे म्हटल्यावर लिहिणाऱ्याची जीभ सैल सुटते, समोरच्याला द्यायचं सौजन्य विसरलं जातं, अशा अर्थाची कबुली त्यांनी स्वतःच नंतर दिली.

म्हणून सार्वजनिक कामापुरतं खरं नाव द्यावं, संमती घेऊन. पण तोच कार्यकर्ता घरी नातवाला कन्नड शाळेत घालायला हरकत घेत नसेल, तर त्या घरगुती गोष्टीला त्याचं खरं नाव लावता येत नाही, आणि टोपणनावानं शेजारच्या पानावरही ठेवता येत नाही. शिवाय ती गोष्ट त्याची एकट्याची नाही, सुनेचीही आहे. तिला कुणी विचारलं का?

अर्ध्या शटरचंही तेच. दुकानदारानं परिच्छेद वाचून 'चालतंय की' म्हटलं, तरी बस चालवणाऱ्या भावाची संमती त्यात येत नाही. ती वेगळी घ्यावी लागते, डेपोबाहेर, त्याच्या सवडीनं, आणि शक्यतो थोरला भाऊ समोर नसताना. तो नको म्हणाला तर परिच्छेदातलं तिसरं वाक्य जातं. त्याच्यावर टेकलेलं चौथंही मग निम्मंच उरतं.